लग्नाच्या बुफेत प्रोटीनची प्लेट कशी लावायची: आधी तुकडा बघा, ग्रेव्ही नंतर

डाएट चालू असताना लग्नाचं आमंत्रण आलं की बहुतेक लोक दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर सॅलड नि सूप घेऊन कोपऱ्यात बसायचं आणि रात्री घरी आल्यावर फ्रिज उघडून उभं राहायचं, नाहीतर 'जाऊ दे, आजचा दिवस सोडून देऊ' म्हणत प्रत्येक भांड्यातलं थोडंथोडं घ्यायचं, आणि वीस भांड्यांतलं थोडंथोडं मिळून किती होतं ते प्लेट उचलताना मनगटालाच कळतं. मधला रस्ता आहे, आणि तो अवघड नाहीये, फक्त प्लेट हातात घ्यायच्या आधी दोन मिनिटं डोकं वापरावं लागतं. हे ज्यांनी प्रोटीन वगैरे कधी मोजलेलं नाही त्यांच्यासाठी लिहितेय, त्यामुळे आकडे अगदी कामापुरतेच देते.

सुरुवातीला एकच हिशोब समजून घ्या

'यात प्रोटीन आहे का' हा प्रश्न बुफेत फारसा कामाचा नाही, कारण थोडंफार प्रोटीन सगळ्यातच असतं, पास्त्यात असतं, केकमध्येसुद्धा असतं. कामाचा प्रश्न हा की 100 कॅलरी खर्च केल्या तर बदल्यात किती ग्रॅम प्रोटीन मिळतंय. कातडी काढलेलं साधं भाजलेलं चिकन ब्रेस्ट घेतलं तर 100 कॅलरीला साधारण 18 ग्रॅम मिळतं, पांढऱ्या माशात नि कोळंबीत तितकंच किंवा थोडं जास्तच. अंडं आणि शिजलेली डाळ 8 च्या आसपास. पनीर आणि चीज जेमतेम 6. बदाम-काजू 3 ते 4. भात 2.

आता मजा बघा. तेच चिकन पिठात नि ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलं की आकडा 18 वरून 5 वर येतो, म्हणजे पनीरच्याही खाली. चिकन कुठेही गेलेलं नाही, फक्त त्याच्याभोवती पीठ आलं आणि पिठाने तेल पिऊन घेतलं. एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास 120 कॅलरी, आणि त्यात प्रोटीन शून्य. बुफेतलं सगळं गणित इथेच बिघडतं, कारण प्रोटीन तुकड्यात असतं आणि कॅलरी बहुतेक वेळा तुकडा ज्यात पोहतोय किंवा ज्यात गुंडाळलाय त्यात असतात.

किती हवंय ते आधीच ठरवा

एका जेवणात 30 ते 40 ग्रॅम प्रोटीन मिळालं तर ते बहुतेकांना भरपूर झालं, आणि गोडासकट 800 कॅलरीत ते बसवता येतं. बाकीच्या दिवसात जरा हलकं खाल्लं असेल तर 800 म्हणजे काही जगबुडी नाही. (किडनीचा त्रास असेल आणि डॉक्टरांनी प्रोटीन कमी सांगितलं असेल तर हे सगळं तुमच्यासाठी नाही, तुम्ही त्यांचंच ऐका.)

हलकं खाल्लं म्हणजे उपाशी राहिलं असं नव्हे हां. लग्नात जेवायची वेळ कधी येईल याचा काही भरवसा नसतो, फोटो संपत नाहीत, भाषणं चालू असतात, आणि सकाळपासून पोट रिकामं ठेवून गेलेला माणूस पहिल्या ट्रेमधून जे येईल ते उचलतो, आणि पहिल्या ट्रेमध्ये बहुतेक तळलेलंच असतं. निघायच्या तास-दीड तास आधी दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर घट्ट दही खाऊन निघा. एवढ्याने भूक मरत नाही, पण हात थरथरत नाही.

प्लेट न घेता एक फेरी मारा

हे करताना थोडं विचित्र वाटतं, पण करा. रिकाम्या हाताने टेबलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा, झाकणं उचलून बघा. बुफेची मांडणीच अशी असते की पहिले तीन-चार पदार्थ ब्रेड, भात, पास्ता, बटाटा असे पोट भरणारे नि स्वस्त, आणि मांस-मासे शेवटाकडे, कधीकधी तर वेगळ्याच काउंटरवर जिथे एक माणूस समोर भाजून देत असतो. पहिल्यापासून भरत गेलात तर शेवटी पोचेपर्यंत प्लेटमध्ये जागाच नसते, मग चिकन भातावर रचायचं आणि सगळं एकमेकांत मिसळून जातं.

फेरीत तीन गोष्टी शोधायच्या. एक, सगळ्यात कमी तेलातला प्रोटीनचा पदार्थ कुठला. दोन, भाज्या कुठल्या भांड्यात साध्या दिसतायत. आणि तीन, गोडात खरंच खावंसं वाटेल असं काय आहे, हे आधीच बघून ठेवायचं, कारण 'पुढे माझा आवडता केक आहे' हे माहीत असलं की मधल्या फालतू गोष्टींवरून हात आपोआप मागे येतो. मला विचाराल तर या तिसऱ्या गोष्टीमुळेच 'आपल्याला काही खायला मिळालं नाही' ही भावना येत नाही. बेचव ब्रेडवर आणि गार पास्त्यावर कॅलरी घालवायच्या आणि मग आवडीच्या गोष्टीला नाही म्हणायचं, हा शुद्ध वेडेपणा आहे.

भांडं ओळखायला शिका

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त अडतं ते इथे, म्हणून जरा सविस्तर.

खाली ज्योत असलेल्या त्या मोठ्या भांड्यांत पदार्थ तास-दोन तास गरम राहतो. त्या वेळात तेल नि बटर हळूहळू वर येऊन जमतं, कारण ते पाण्यापेक्षा हलकं. झाकण उचलल्यावर ग्रेव्हीच्या कडेने चकचकीत पिवळट किंवा लालसर थर दिसला, किंवा चमचा बाजूला केल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत तेल धावत येताना दिसलं, तर समजा पदार्थ तेलात सढळ हाताचा आहे. क्रीमचं उलटं असतं, ते वेगळं होत नाही त्यामुळे दिसत नाही. ग्रेव्ही फिकट, गुळगुळीत आणि चमच्याच्या पाठीला जाडसर चिकटून राहत असेल तर त्यात क्रीम, चीज, बटर किंवा काजूची पेस्ट यातलं काहीतरी भरपूर आहे असं धरून चाला. टोमॅटोची पातळसर दाणेदार ग्रेव्ही त्यामानाने बरीच हलकी.

आता समजा आवडीचं चिकन नेमकं त्या जाड ग्रेव्हीतच आहे. सोडायचं नाही, काढायची पद्धत बदलायची. वरवर डाव फिरवून घेतलं तर तेल आणि ग्रेव्ही येते, तुकडा एखादाच. त्याऐवजी डाव उभा धरून तळाशी न्या, तुकडे उचला आणि भांड्याच्या आतल्या कडेला डाव टेकवून तीन-चार सेकंद थांबा, ग्रेव्ही खाली ओघळू द्या. शेजारी चिमटा किंवा भोकांचा चमचा असेल तर अजूनच उत्तम. चवीपुरती ग्रेव्ही तुकड्याला लागून येतेच. मागे रांग लागली म्हणून घाई करू नका, तीन सेकंदांनी कुणाचं लग्न अडत नाही.

डाळ किंवा बीन्सचा पदार्थ असेल तर तळाशीच जायचं, पण कारण वेगळं. वर पातळ पाणी आणि फोडणीचं तेल असतं, दाणा खाली बसलेला असतो आणि प्रोटीन त्या दाण्यात आहे. वरची वाटीभर घेऊन 'मी डाळ खाल्ली' म्हणणाऱ्या माणसाने खरं तर तेलाचं सूप प्यायलेलं असतं.

काही पदार्थ हेल्दी दिसतात पण नसतात, ते पटकन सांगते. मेयोनीज घातलेलं सॅलड, कारण मेयोच्या एका मोठ्या चमच्यात 90 ते 100 कॅलरी. क्रीम सूप. सॉसेज आणि मीटबॉल, यांच्यात मांसाबरोबर चरबी नि ब्रेडही मिसळलेला असतो. आणि सुकामेवा, लोक तो प्रोटीन म्हणून मूठभर खातात पण त्या मुठीत 170 च्या वर कॅलरी आणि प्रोटीन फक्त 6 ग्रॅम.

एक आणखी, चवीशी संबंध नसलेली गोष्ट. मांस, मासे, अंडी हेच पदार्थ कोमट राहिले तर सगळ्यात लवकर बाधतात. गरम पदार्थ 60 अंशांच्या वर राहिला पाहिजे, म्हणजे झाकण उचलल्यावर वाफ यायला हवी. वाफ नाही, ज्योत विझलेली आहे, वर साय धरलीय, तर तिथे कितीही प्रोटीन असलं तरी पुढे सरका. तसंच बर्फ वितळून गेलेल्या ट्रेमधली कोळंबी आणि अंड्याचं सॅलड.

आता प्लेट घ्या आणि उलट दिशेने भरा

म्हणजे प्रोटीन आधी. तळहाताएवढं, बोटं सोडून, आणि तळहाताच्याच जाडीचं शिजलेलं मांस किंवा मासा म्हणजे साधारण 100 ग्रॅम, त्यात 25 ते 30 ग्रॅम प्रोटीन. हाडासकट असेल तर अंदाज चुकतो, कारण अख्खी तंगडी मोठी दिसते पण तिच्यावरचं मांस निघतं 45-50 ग्रॅम, प्रोटीन 12 च्या आसपास. तेव्हा तंगड्या घ्यायच्या तर दोन घ्या, बिनधास्त, फक्त कातडी बाजूला ठेवली तर बरं.

मग भाज्या आणि साधं सॅलड, अर्धी प्लेट होईल इतकं. प्लेट भरलेली दिसावी आणि चावायला काहीतरी असावं, एवढ्यासाठीसुद्धा हे पुरेसं कारण आहे. शेवटी जी जागा उरेल त्यात भात किंवा ब्रेड किंवा पास्ता, तिघांपैकी एक. तिन्ही थोडंथोडं घेतलं की तिन्हींची बेरीज नेहमी जास्त होते, आणि खरं सांगा, बुफेतला ब्रेड कुणाच्या आठवणीत राहतो?

एकाच टेबलवरच्या दोन प्लेटा

समजा टेबलवर हे आहे: क्रिस्पी तळलेलं चिकन, ग्रिल केलेलं चिकन, क्रीमच्या ग्रेव्हीतलं चिकन, डाळ, व्हाइट सॉस पास्ता, परतलेल्या भाज्या, साधं सॅलड, भात, ब्रेड-बटर, कोल्ड्रिंक आणि केक.

पहिला माणूस फिरत फिरत भरतो. क्रिस्पी चिकनचे पाच-सहा तुकडे, 100 ग्रॅम भरतील, 290 कॅलरी. वाटीभर पास्ता, 250. क्रीमच्या चिकनचे दोन डाव, ज्यात तुकडे कमी नि ग्रेव्ही जास्त, 330. दोन वाट्या भात, 260. एक ब्रेड बटर लावून, 150. एक कॅन कोल्ड्रिंक, 140. केकचा अख्खा तुकडा, 380. बेरीज 1800. आणि प्रोटीन? तेही 50 ग्रॅमच्या आसपास निघतं! म्हणजे 'मी भरपूर प्रोटीन खाल्लं' असं तो म्हणाला तर खोटं बोलत नाहीये. त्याने फक्त त्यासाठी फार मोठं बिल भरलं.

दुसरी बाई तोच हॉल, तीच भांडी. ग्रिल केलेलं चिकन तळहाताएवढं, 200 कॅलरी, 30 ग्रॅम. डाळ तळातली, 100 ग्रॅम, फोडणी धरून 150 कॅलरी, 9 ग्रॅम. परतलेल्या भाज्या 100 कॅलरी, 3 ग्रॅम. सॅलड 30. भात एक लहान वाटी, 130 कॅलरी, 2-3 ग्रॅम. इथपर्यंत 610 कॅलरी आणि 45 ग्रॅम प्रोटीन, बाजूला पाणी किंवा साखर नसलेला सोडा. वर केकचा अर्धा तुकडा, 190. झाले 800. दोघांचं प्रोटीन जवळजवळ सारखं आणि कॅलरीत 1000 चा फरक, आणि तिच्या प्लेटमध्ये जेवण वजनाने काही चिमूटभर नाहीये, चांगलं पोटभर आहे, वर केकही खाल्लाय.

हे आकडे अंदाजे आहेत हे सांगायला नको, आचाऱ्याचा हात किती सुटलाय त्यावर दीडशे-दोनशे इकडेतिकडे होणारच. पण 1000 चा फरक आचाऱ्याच्या हाताने भरून निघत नाही.

शाकाहारी असाल तर

इथे खोटा दिलासा देत नाही, थोडं अवघड आहे. पनीर आणि चीज हे लोक प्रोटीन म्हणून खातात पण त्यात कॅलरी जास्त चरबीच्याच असतात, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि 300 कॅलरी, आणि ते तळून ग्रेव्हीत टाकलं असेल तर विचारूच नका. म्हणून पूर्ण भार पनीरवर टाकायचा नाही, तीन-चार ठिकाणांहून गोळा करायचं. पनीरचे चार-पाच तुकडे ग्रेव्ही निथळून, 70 ग्रॅम धरा, 13 ग्रॅम प्रोटीन, 210 कॅलरी. डाळ किंवा बीन्स तळातून, दीडशे ग्रॅम, 13 ग्रॅम, तेलासकट 235. छोले किंवा कडधान्याचं सॅलड असेल तर दोन-तीन चमचे, 5 ग्रॅम, 100 कॅलरी. साधं दही अर्धी वाटी, 4 ग्रॅम, 60. भाज्या 100 कॅलरी, 2 ग्रॅम. सगळं मिळून 37 ग्रॅम आणि 700 च्या थोडं वर.

यात भात-ब्रेड घातलेला नाही हे लक्षात आलं असेल. डाळी-कडधान्यांतच स्टार्च भरपूर असतो, त्यामुळे भाताचं काम ते आधीच करत असतात. भात सोडवतच नसेल तर गोड अर्धं करा किंवा गोड हवं असेल तर भात सोडा, लहान वाटी भात आणि केकचा अर्धा तुकडा असं दोन्ही घेतलं तरी आकाश कोसळणार नाही, 1000-1050 पर्यंत जाल, इतकंच. टेबलवर टोफू किंवा सोया दिसलं तर मात्र नाक मुरडू नका, टोफू 100 कॅलरीला 10 ग्रॅमच्या आसपास देतं, पनीरपेक्षा बरंच बरं.

खाताना, आणि दुसरी फेरी

आधी प्रोटीन नि भाज्या खा, भात शेवटी. प्रोटीनने पोट भरल्यासारखं वाटतं पण ते वाटायला थोडा वेळ लागतो, आणि भातापासून सुरुवात केली तर तो वेळ यायच्या आतच प्लेट रिकामी झालेली असते. प्लेट संपली की लगेच उठू नका, कुणाशी तरी पंधरा मिनिटं गप्पा मारा. त्यानंतरही भूक असेल तर दुसरी फेरी जरूर, पण ती फक्त प्रोटीन आणि भाज्यांची. पुन्हा तळहातभर चिकन घेतलं तरी 200 कॅलरीच वाढतात.

मग कुणीतरी येतंच. 'अगं एवढंच? काही खाल्लंच नाहीस!' मावशींना कॅलरी समजावत बसू नका, त्यात हार नक्की आहे. 'मावशी, पहिली फेरी झाली, आता तुम्ही म्हणताय तो केक घ्यायला निघालेय' एवढं म्हटलं की त्या खूश, आणि केक तसाही घ्यायचाच होता. हातात अर्धी भरलेली प्लेट असेल तर वाढायला येणाऱ्यांपैकी निम्मे तिथूनच वळतात, त्यामुळे रिकामी प्लेट हातात धरून उभं राहू नका, लगेच ठेवून द्या किंवा शेवटचे दोन घास राखून ठेवा.

गोड घेताना एकच घ्या आणि बसून खा. छोटे छोटे तीन-चार प्रकार म्हणजे प्रत्येकी एकच घास असं वाटतं पण लहान पेस्ट्रीसुद्धा शंभर-दीडशेची असते. आणि पिण्याच्या गोष्टी मोजा, सरबत, कोल्ड्रिंक, कॉकटेल, कारण यांनी पोट भरत नाही आणि ग्लास कोण भरून जातं ते कळतही नाही. दारू घेत असाल तर तिच्यातल्या अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅमला 7 कॅलरी, मिक्सरमधली साखर वेगळी, वर दोन ग्लासांनंतर तळलेल्या ट्रेकडे हात जातो तो जातोच.

आणि सगळंच तळलेलं असेल तर?

असंही होतं, ग्रिल नाही, डाळ नाही, सगळं क्रिस्पी आणि सगळं क्रीममध्ये. मग त्यातल्या त्यात मोठा तुकडा निवडा. लहान तुकड्यांना पीठ जास्त लागतं कारण वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग जास्त, पॉपकॉर्न साइजच्या चिकनमध्ये निम्मं तर आवरणच असतं, आणि तळलेल्या अख्ख्या माशात किंवा मोठ्या पीसमध्ये आत मांस बरंच. काट्याने वरचं आवरण सोडवा, पहिल्या तुकड्याचं खाऊन घ्या कारण ते खरंच चविष्ट असतं, बाकीच्यांचं प्लेटच्या कडेला ठेवा. क्रीमवाल्यातून तुकडे निथळून घ्या. सोबत लिंबू पिळलेलं साधं काकडी-टोमॅटो दुप्पट घ्या, सॅलड काउंटरवर ड्रेसिंग न घातलेलं नसेल तर वाढणाऱ्याला विचारा, आत बहुतेक वेळा असतं. एवढं करून 25 ग्रॅम प्रोटीन मिळालं तर त्या दिवशी तेवढंच, उरलेलं सकाळच्या नाश्त्यात अंड्यांनी भरून काढा.